गोण्यांचा हिशोब, उलट्या बाजूने

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश द्यावं, अशी शिफारस आहे. ही शिफारस घेऊन शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो तेव्हा तिथे नत्राची एक, स्फुरदाची एक आणि पालाशाची एक अशा वेगवेगळ्या गोण्या नसतात. तिथे युरिया असतो आणि संयुक्त खतं असतात. त्या हंगामात जी आली असतील ती घ्यावी लागतात. समजा, दुकानात आज युरिया, १०:२६:२६ आणि १२:३२:१६ एवढंच शिल्लक आहे. मग प्रत्येकाचं किती घ्यायचं?

गोणीवरचे आकडे सांगतात ते असं: १०:२६:२६ च्या दर शंभर किलोत १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. १२:३२:१६ च्या शंभर किलोत अनुक्रमे १२, ३२ आणि १६. युरियात ४६ किलो नत्र आणि बाकी काही नाही. शंभर किलो म्हणजे एक क्विंटल, त्यामुळे हिशोब क्विंटलमध्ये मांडला की गोणीवरचे आकडे जसेच्या तसे वापरता येतात.

दुकानात डीएपी आणि पोटॅश असतं तर हा हिशोब तोंडी झाला असता. पालाश फक्त पोटॅशमध्ये आहे, म्हणून आधी पोटॅश ठरवायचं. स्फुरद फक्त डीएपीत आहे, म्हणून मग डीएपी. डीएपीतून जे नत्र आलं ते वजा करून उरलेल्यासाठी युरिया. एकामागून एक पायरी उतरत जायचं. दोन संयुक्त खतं समोर आली की ही पायरी सापडत नाही. पालाशासाठी १०:२६:२६ घ्यावं तर त्यासोबत स्फुरदही येतं. स्फुरद भरून काढायला १२:३२:१६ घ्यावं तर पालाश वाढतं. एक आकडा ठरवायला दुसरा माहीत हवा, आणि दुसरा ठरवायला पहिला. याच गुंत्याला शाळेत आपण एकसामयिक समीकरणं म्हणत आलो. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली खतांची नावंच अज्ञात राशी म्हणून वापरली, तर ती अशी दिसतात:

४६ × युरिया + १० × दहासव्वीस + १२ × बाराबत्तीस = १२०

० × युरिया + २६ × दहासव्वीस + ३२ × बाराबत्तीस = ६०

० × युरिया + २६ × दहासव्वीस + १६ × बाराबत्तीस = ४०

पहिली ओळ नत्राची, दुसरी स्फुरदाची, तिसरी पालाशाची. दहावीला दोन चलांची समीकरणं निश्चयक काढून सोडवलेली अनेकांना आठवत असतील. तीच पद्धत तीन चलांना लावता येते, फक्त आकडेमोड बरीच वाढते आणि एक वजाचं चिन्ह सुटलं की सगळं मुसळ केरात. संगणकावरच्या शीटमध्ये याच कामासाठी दोन फंक्शनं तयार असतात, `MMULT` आणि `MINVERSE`. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत ती याच नावांनी आहेत.

शीटची मांडणी समीकरणांसारखीच करायची. पहिल्या ओळीत B1, C1, D1 या घरांत खतांची नावं. A2, A3, A4 मध्ये नत्र, स्फुरद, पालाश. मधल्या नऊ घरांत, म्हणजे B2 पासून D4 पर्यंत, वरच्या समीकरणांतले नऊ आकडे. एक घर सोडून F1 मध्ये ‘गहू’ आणि त्याखाली F2, F3, F4 मध्ये १२०, ६०, ४०. शीट आता अशी दिसेल:

```
         B     C     D          F
2       46    10    12        120
3        0    26    32         60
4        0    26    16         40
```

नावं लिहितानाच एक गंमत होते आणि ती आधी सांगितलेली बरी. C1 मध्ये नुसतं `10:26:26` टाइप केलं की शीटला ती वेळ वाटते, सकाळचे दहा वाजून सव्वीस मिनिटं आणि सव्वीस सेकंद. घरात आकडे उजवीकडे सरकतात आणि वरच्या पट्टीत `10:26:26 AM` दिसतं. हे टाळायला आधी एक अवतरणचिन्ह टाकायचं, `'10:26:26` असं. मग ते मजकूर म्हणून राहतं.

आता F7 या घरात जायचं आणि एवढंच लिहायचं:

```
=MMULT(MINVERSE(B2:D4),F2:F4)
```

एक्सेलच्या नव्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ ची किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ची, आणि गूगल शीट्समध्ये नुसतं एंटर दाबलं की F7, F8, F9 या तिन्ही घरांत उत्तरं उतरतात. त्या घरांत आधीच काही लिहिलेलं असेल तर नवं एक्सेल `#SPILL!` दाखवतं. घरं रिकामी केली की काम होतं. जुन्या एक्सेलमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये आधी F7 ते F9 ही तिन्ही घरं निवडायची, मग सूत्र लिहायचं आणि कंट्रोल-शिफ्ट-एंटर एकदम दाबायचं. सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप येतो, तो हाताने टाइप करायचा नाही. जुन्या एक्सेलमध्ये एकच घर निवडून नुसतं एंटर दाबलं तर फक्त पहिलं उत्तर मिळतं आणि बाकी दोन गेली कुठे, असा प्रश्न पडतो.

उत्तरं येतात २.११५, ०.७६९ आणि १.२५. म्हणजे हेक्टरी २११.५ किलो युरिया, ७६.९ किलो १०:२६:२६ आणि १२५ किलो १२:३२:१६.

या सूत्राच्या पोटात काय चाललंय, हे समजून घेतल्याशिवाय उत्तरावर विसंबू नये, असं मला फार वाटतं. सूत्रात दोन फंक्शनं आहेत आणि त्यांतलं सोपं आहे ते `MMULT`. त्याचं काम गुणाकार करून बेरीज घेणं. गोण्या किती घेतल्या हे माहीत असेल, तर त्यांतून किती नत्र मिळालं हे आपण कसं काढतो? ४६ ला युरियाच्या क्विंटलनी गुणायचं, १० ला दहासव्वीसच्या, १२ ला बाराबत्तीसच्या, आणि तिघांची बेरीज. पुढच्या ओळीत स्फुरदाचं तेच, तिसरीत पालाशाचं तेच. `MMULT` डाव्या चौकटीची एकेक आडवी ओळ घेतं, उजव्या चौकटीचा एकेक उभा रकाना घेतं, जोडीजोडीने गुणतं आणि बेरीज त्या जागी ठेवतं. थोडक्यात, नऊ आकड्यांची आपली चौकट म्हणजे गोण्यांकडून अन्नद्रव्यांकडे जाणारा रस्ता. या नऊ आकड्यांच्या चौकटीला मॅट्रिक्स म्हणतात.

आपल्याला मात्र उलट जायचंय. अन्नद्रव्यं माहीत आहेत आणि गोण्या हव्या आहेत. `MINVERSE` हा परतीचा रस्ता तयार करून देतं. B12 मध्ये `=MINVERSE(B2:D4)` लिहिलं तर तो डोळ्यांनी बघता येतो. (जुन्या एक्सेलमध्ये आधी B12 ते D14 ही नऊ घरं निवडायची.) पाच दशांशांपर्यंत तो असा:

```
  0.02174   -0.00794   -0.00042
  0.00000   -0.03846    0.07692
  0.00000    0.06250   -0.06250
```

बहुतेक जण ही मधली चौकट कधी उघडून बघत नाहीत, कारण वरच्या एका ओळीच्या सूत्रात ती झाकलेली राहते. मला ती उत्तरापेक्षाही मोलाची वाटते. तिचा मधला रकाना वाचा. हा रकाना स्फुरदाचा आहे. शिफारशीत स्फुरद एका किलोने वाढलं, तर खतांत काय बदल करावा लागेल, ते तो सांगतो: युरिया ०.००७९४ क्विंटलने, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅमनी कमी, दहासव्वीस ३.८५ किलोने कमी आणि बाराबत्तीस ६.२५ किलोने जास्त. स्फुरद वाढवायचं आणि दहासव्वीस कमी करायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. पण बाराबत्तीस वाढवल्यावर सोबत पालाशही येतं, आणि ते जास्तीचं पालाश काढून टाकायला दहासव्वीसच कमी करावं लागतं. खताच्या दुकानात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला हे अंगवळणी पडलेलं असतं. इथे ते आकड्यांत समोर येतं.

तिसरी ओळही बघण्यासारखी आहे. बाराबत्तीस किती लागेल, हे ती ओळ ठरवते. तिच्यात नत्राचं घर शून्य आहे, स्फुरदाचं ०.०६२५ आणि पालाशाचं तेवढंच, पण वजा. ०.०६२५ म्हणजे एक सोळांश. म्हणजे बाराबत्तीस किती क्विंटल घ्यायचं, तर स्फुरदातून पालाश वजा करून सोळाने भागायचं. गव्हाचं ६० वजा ४०, म्हणजे २०, भागिले १६, बरोबर १.२५. पहिल्या नजरेला न दिसणारा असा सरळ नियम त्या गुंत्यात दडलेला होता.

या परतीच्या चौकटीत गव्हाचा कुठेही संबंध नाही, ही यातली खरी गोष्ट. ती फक्त तीन गोण्यांवरून तयार झाली आहे. दुकानातला माल बदलत नाही तोवर ती बदलत नाही. पीक बदललं की फक्त मागणीचा रकाना बदलतो. म्हणून एकच पीक कशाला, चार पिकं शेजारी शेजारी लिहावीत. F मध्ये गहू आहेच, G मध्ये हरभरा २५, ५०, ३०, H मध्ये सोयाबीन ५०, ७५, ४५ आणि I मध्ये कांदा १००, ५०, ५०. या महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण शिफारशी आहेत. माती परीक्षणाचा अहवाल हातात असेल तर त्याप्रमाणे बदललेले आकडे घालावेत. मग F7 मधलं सूत्र थोडं रुंद करायचं:

```
=MMULT(MINVERSE(B2:D4),F2:I4)
```

आता F7 ते I9 अशी बारा घरं भरतात. हरभऱ्याला युरिया १३.४ किलो, दहासव्वीस ३८.५ किलो, बाराबत्तीस १२५ किलो. सोयाबीनला ४७.२, ५७.७ आणि १८७.५ किलो. कांद्याला युरिया १७५.६ किलो, दहासव्वीस १९२.३ किलो आणि बाराबत्तीस शून्य. गहू आणि हरभरा ही किती वेगळी पिकं, एकाला नत्र १२० आणि दुसऱ्याला २५, तरी दोघांना बाराबत्तीस सारखंच १२५ किलो कसं? कारण दोन्हींत स्फुरद आणि पालाश यांच्यातला फरक २० च आहे. कांद्याला तो फरक शून्य, म्हणून बाराबत्तीसही शून्य. या शून्याच्या जागी एखाद्या शीटवर `4.4E-16` असं काहीतरी चमत्कारिक दिसू शकतं. त्याचा अर्थ दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग काहीतरी. शीट साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंतच अचूक हिशोब ठेवतं, त्याची ही कड आहे. पूर्ण सूत्र `ROUND` मध्ये घालून तीन दशांशांवर आणलं की ती जाते.

आता चुकतं कुठे, ते बघू. सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते रिकाम्या घरांमुळे. युरियात स्फुरद नाही आणि पालाशही नाही, म्हणून हिशोब लिहिणारा माणूस B3 आणि B4 ही घरं मोकळी सोडतो किंवा तिथे आडवी रेघ टाकतो. वहीत ते ठीक आहे, पण या फंक्शनांना ते चालत नाही. रिकामं घर किंवा मजकूर दिसला की एक्सेल `#VALUE!` म्हणून हात वर करतं. तिथे शून्य लिहायलाच हवं. हाच `#VALUE!` आणखी दोन कारणांनी येतो. चौकट चौरस नसली तर येतो. चार खतं आणि तीन अन्नद्रव्यं घेतली तर `MINVERSE` ते काम करत नाही, कारण त्या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. आणि `MMULT` मधला क्रम उलटा लिहिला, म्हणजे मागणीचा रकाना आधी आणि चौकट नंतर, तरीही येतो. डावीकडच्या चौकटीत जेवढे रकाने तेवढ्याच ओळी उजवीकडच्या चौकटीत असाव्या लागतात. साध्या गुणाकारात क्रम बदलला तरी चालतं, मॅट्रिक्सच्या गुणाकारात चालत नाही.

या चुका निदान ओरडून सांगतात. एक चूक मात्र गप्प राहते. गोणीवर आकडे आडवे छापलेले असतात, म्हणून अनेक जण एकेका खताला एकेक आडवी ओळ देतात: पहिल्या ओळीत ४६, ०, ०, दुसरीत १०, २६, २६, तिसरीत १२, ३२, १६. चौकट चौरसच आहे, त्यामुळे शीट काही तक्रार न करता उत्तर देतं. गव्हासाठी ते येतं युरिया २.६०९, दहासव्वीस उणे ०.७६१ आणि बाराबत्तीस २.०६५. इथे उणे आकड्याने शंका तरी येते, पण सगळे आकडे अधिक असलेलं चुकीचं उत्तर मिळणंही शक्य आहे. शिवाय त्याच चौकटीने पुन्हा गुणून पडताळा घेतला, तर तो बिनचूक १२०, ६०, ४० येतो, कारण शीटने आपण दिलेली समीकरणं इमानाने सोडवलेली असतात. समीकरणंच वेगळी लिहिली गेली होती. ही चूक ओळखायची ती हातानेच: पहिलीच ओळ घ्या आणि स्वतःला विचारा, या ओळीतले तिन्ही आकडे एकाच अन्नद्रव्याचे आहेत का? आकडे गोणीसारखे आडवेच ठेवायचे असतील तर चौकट सूत्रात फिरवून घ्यावी:

```
=MMULT(MINVERSE(TRANSPOSE(B2:D4)),F2:F4)
```

आता एक वेगळी अडचण. समजा, १२:३२:१६ संपलं आणि त्याऐवजी १५:१५:१५ आलं. D2, D3, D4 मध्ये १५, १५, १५ टाकलं की उत्तराच्या सगळ्या घरांत `#NUM!` येतं. कुठलंही घर रिकामं नाही, चौकट चौरस आहे, आकडे बरोबर आहेत. मग बिघडलं काय? स्फुरदाची ओळ बघा: ०, २६, १५. पालाशाची ओळ: ०, २६, १५. दोन्ही हुबेहूब सारख्या. या तीन गोण्या कशाही मिसळल्या तरी स्फुरद आणि पालाश कायम समसमानच येणार. गव्हाला ६० आणि ४० हवं आहे, ते या मालातून मिळणं शक्यच नाही. कांद्याला मात्र ५० आणि ५० हवं आहे, आणि त्याला एक सोडून असंख्य उत्तरं आहेत. १९२.३ किलो दहासव्वीस घेतलं तरी जमतं, ३३३.३ किलो १५:१५:१५ घेतलं तरी जमतं, किंवा दोन्हींचं मिश्रण करून मधलं काहीही. नत्राची कसर युरियाने भरायची. एक उत्तरच नाही आणि असंख्य उत्तरं आहेत, या दोन अगदी विरुद्ध परिस्थितींना शीट एकच `#NUM!` दाखवतं. परतीचा रस्ताच नाही, एवढंच ते सांगू शकतं. कोणती परिस्थिती आहे, हे ओळी वाचून आपण ठरवायचं.

परतीचा रस्ता आहे की नाही, हे आधी तपासायला `=MDETERM(B2:D4)` हे फंक्शन निश्चयक काढून देतं. आपल्या मूळ चौकटीचा तो उणे १९,१३६ आहे. शून्य आला तर `MINVERSE` चालणार नाही. पण निश्चयक लहान आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. ४६ ऐवजी ०.४६, १० ऐवजी ०.१० असे दशांशात आकडे घातले तर तोच निश्चयक उणे ०.०१९१३६ होतो आणि किलोतलं उत्तर अगदी तसंच राहतं.

उलट, मोठा निश्चयक म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. युरियासोबत १२:३२:१६ आणि १४:३५:१४ ही दोन खतं घेऊन बघा. निश्चयक उणे ५,१५२ येतो, शून्याच्या जवळपासही नाही. पण या दोन खतांचा स्वभाव जवळजवळ सारखा आहे. एकात स्फुरद पालाशाच्या दुप्पट, दुसऱ्यात अडीचपट. समजा, मागणी स्फुरद ६० आणि पालाश २७ आहे. उत्तर येतं बाराबत्तीस ९३.८ किलो आणि १४:३५:१४ हे ८५.७ किलो. पालाश २७ चं २८ केलं, फक्त एक किलो, तर बाराबत्तीस उडी मारून १२५ किलोवर जातं आणि दुसरं ५७.१ वर घसरतं. आपल्या मूळ चौकटीत पालाश एका किलोने हललं तर दहासव्वीस ७.७ किलोने हलत होतं, इथे बाराबत्तीस ३१ किलोने हलतं. हे सगळं परतीच्या चौकटीत आधीच लिहिलेलं असतं, म्हणून तर ती उघडून बघायची. तिथे मोठे आकडे दिसले की समजावं, मागणीतला थोडासा फरकही उत्तर कुठच्या कुठे नेईल. सारख्या स्वभावाची दोन खतं एकत्र घेऊन नेमका हिशोब बसवण्याचा आग्रह धरू नये. दोघांपैकी एकच घ्यावं आणि थोडं कमीजास्त मान्य करावं.

केळीकडे वळल्यावर आणखी एक गोष्ट कळते. केळीला दर झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश द्यावं, अशी शिफारस आहे. मूळ तीन खतांच्या चौकटीत हे आकडे टाकले की ग्रॅममध्ये विचार करायचा, म्हणजे आलेल्या उत्तराला शंभराने गुणलं की झाडामागे किती ग्रॅम ते मिळतं. उत्तर येतं युरिया ३९५ ग्रॅम, दहासव्वीस १,३८५ ग्रॅम आणि बाराबत्तीस उणे १,००० ग्रॅम. एक किलो खत मातीतून काढून घ्या, असं शीट सांगतंय. गणित म्हणून हे उत्तर अचूक आहे, कारण समीकरणाला खत म्हणजे काय हे माहीत नसतं. मघाचा नियम आठवा: स्फुरद वजा पालाश, भागिले सोळा. केळीला पालाश स्फुरदाच्या पाचपट हवं आहे, आणि आपल्या दोन्ही संयुक्त खतांत पालाश स्फुरदापेक्षा जास्त नाहीच. दहासव्वीसमध्ये दोन्ही समान, बाराबत्तीसमध्ये पालाश निम्मं. त्यामुळे ज्या पिकाला पालाश स्फुरदाइतकं ते स्फुरदाच्या निम्म्यापर्यंत लागतं, त्याच पिकाचं स्फुरद-पालाश या दोघांतून जुळू शकतं. उणे उत्तर आलं की सूत्र चुकलं असं धरून बसू नये. गोण्यांची निवड त्या पिकाला लागू नाही, एवढाच त्याचा अर्थ. इथे बाराबत्तीस काढून त्या रकान्यात म्युरेट ऑफ पोटॅश घालावं, म्हणजे ०, ०, ६०. उत्तर लगेच ताळ्यावर येतं: झाडामागे युरिया ४०१ ग्रॅम, दहासव्वीस १५४ ग्रॅम, पोटॅश २६७ ग्रॅम. ही मात्रा अर्थात एकदम द्यायची नसते, हप्त्याहप्त्याने द्यायची असते.

गव्हाकडे परत येऊ, कारण तिथे अजून एक काम राहिलंय. २११.५ किलो युरिया कोणी तोलून विकत नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे आणि संयुक्त खतांची ५० ची. शिवाय आपला शेतकरी एकरात बोलतो. हेक्टरचे आकडे २.४७ ने भागले की एकरी युरिया ८५.६ किलो, दहासव्वीस ३१.१ किलो आणि बाराबत्तीस ५०.६ किलो येतं. बाराबत्तीसची जवळजवळ नेमकी एक गोणी, युरियाच्या दोन गोण्यांना थोडं कमी, आणि दहासव्वीसची अर्धी गोणी घ्यावी की जास्त, हा प्रश्न. इथे परतीच्या रस्त्याचं काम संपतं आणि `MMULT` पुन्हा सरळ दिशेने वापरायचं. एकरी गोण्या क्विंटलमध्ये K7 ते K9 मध्ये लिहायच्या, ०.९०, ०.२५, ०.५०, आणि शेजारी:

```
=MMULT(B2:D4,K7:K9)
```

नत्र ४९.९ किलो, स्फुरद २२.५ आणि पालाश १४.५. एकरी मागणी होती ४८.६, २४.३ आणि १६.२. नत्र किंचित वर, बाकी दोन्ही पावणेदोन-दोन किलोंनी खाली. K8 मध्ये ०.२५ च्या जागी ०.३० केलं, म्हणजे दहासव्वीसची अर्धी गोणी आणि वर पाच किलो, तर स्फुरद २३.८ आणि पालाश १५.८ वर जातं आणि नत्र ५०.४ होतं. दोन एकर गहू असेल तर तेच दहासव्वीस ६० किलो होतं, एक गोणी आणि वर दहा किलो. नत्राच्या बाजूने जे दीड-दोन किलो जास्त झालं, ते पेरणीनंतर तीन आठवड्यांनी युरियाचा दुसरा हप्ता देताना एकरी चार किलो युरिया कमी टाकून जुळवता येतं.